कॉल आला, पैसे गेले का? स्वस्त फोनांवरच्या ॲप चाचणीची पार्श्वभूमी

जावा फोनांच्या काळात १२८ × १२८, १७६ × २०८, २४० × ३२० अशा प्रत्येक पडद्यासाठी एकाच खेळाची वेगळी फाइल निघायची. कॉलची चाचणी म्हणजे फोन वाजला की खेळ थांबतो का आणि नंतर तिथूनच सुरू होतो का, एवढं बघणं. चेकलिस्टमधली 'कॉल इंटरप्शन' ही ओळ त्या काळातली. पुढे फोन बदलले, ओळ मात्र तशीच राहिली.

पडद्याचा प्रश्न त्यामानाने लवकर आवाक्यात आला. २००९च्या अँड्रॉइड १.६ पासून वेगवेगळ्या आकारांची आणि घनतांची सोय झाली. २०१४ च्या सुमारास साडेचार इंची, ४८० × ८५४ पडद्याचे आणि १ जीबी रॅमचे फोन भारतात साडेसहा हजारांच्या आत मिळू लागले. त्यांचा पडदा मोठ्या फोनवरही उभा करता येतो:

```
adb shell wm size 480x854
adb shell wm density 240
```

यातून रुंदी ३२० डीपी आणि उंची ५६९ डीपी मिळते. त्यात कीबोर्ड उघडला आणि अक्षरं मोठी ठेवली की 'पुढे जा' बटण खाली गडप होतं का, ते लगेच दिसतं. रॅम मात्र या दोन ओळींनी कमी होत नाही. १ जीबीच्या फोनवर कॉल घेतला की मागे गेलेलं ॲप सिस्टीम मारून टाकू शकते. ते तपासायला होम दाबून `adb shell am kill` आणि पुढे पॅकेजचं नाव द्यावं, मग ॲप पुन्हा उघडून भरलेला फॉर्म शिल्लक आहे का बघावं.

खरा वाद कॉलचाच: एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी फोनवर, घंटी वाजवून ही चाचणी 'पास' म्हणायची का? २०१४च्या अँड्रॉइड ५ पासून, फोन वापरात असताना आलेला कॉल पूर्ण पडदा व्यापत नाही, वर छोटी पट्टी येते. त्यामुळे उचलेपर्यंत ॲप समोरच असतं. २०१६ पासून व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरूनच होणारे कॉल, पसरलं आणि बोलतानाही डेटा चालू राहू लागला. टेस्टरकडे असलेल्या फोनमध्ये एकच सिम, डेटाही त्यावर आणि कॉलही त्यावर, त्यामुळे सगळं हिरवं. वापरणाऱ्याकडे मात्र दोन सिम असतात: स्वस्त डेटाचं एक आणि सगळ्यांकडे असलेल्या जुन्या नंबरचं दुसरं. या फोनांत रेडिओ एकच असतो. दुसऱ्या सिमवर कॉल आला की रेडिओ तिकडे जातो आणि पहिल्या सिमचा डेटा रिंग वाजत असतानाच थबकतो. उचललाच नाही तरी. एकाच सिमवर कॉलसाठी फोन ४जीवरून २जीवर उतरला तरी तेच होतं.

वीजबिलाचं उदाहरण घ्या. 'पैसे भरा' दाबलं, विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या सिमवर कॉल आला. कनेक्शन तुटलेलं नाही, नुसतं मुकं झालंय. ॲपमध्ये उत्तराची वाट बघण्याची मुदत १० सेकंद असेल (बऱ्याच ॲपांत ती आपोआप तेवढीच असते), तर कॉल चालू असतानाच 'व्यवहार अयशस्वी' येतं. सर्व्हरवर पैसे जमा झालेले असतात. माणूस कॉल ठेवतो, पुन्हा बटण दाबतो, आणि बिल दोनदा भरलं जातं. दुसऱ्या प्रयत्नात नवा व्यवहार क्रमांक तयार झाला तर सर्व्हरला ते ओळखता येत नाही. म्हणून मुदत संपल्यावर 'अयशस्वी' न म्हणता त्याच क्रमांकाने स्थिती विचारायला हवी.

एम्युलेटरवर हे सापडतच नाही. `adb emu gsm call` आणि पुढे एखादा नंबर दिला की घंटी वाजते, डेटा वाहतच राहतो. `adb emu gsm data off` जोडलं तर ॲपला नेट गेल्याचं कळू शकतं. खऱ्या फोनवर नेमकं तेच कळत नसतं. `adb emu network delay gprs` ने १५० ते ५५० मिलिसेकंदांचा उशीर मिळतो, मंद नेट तपासायला तो ठीक आहे, पण मंद आणि मुकं यांत फरक आहे. एवढ्यावर कॉलची चाचणी 'पास' म्हणणं आमच्या मते चूकच. दोन सिमांचा एक स्वस्त फोन, वाय-फाय बंद आणि कॉल डेटा नसलेल्या सिमवर, ही किमान मांडणी. डेटा थबकल्याचं फोन सांगतो का, ते असं बघता येतं:

```
adb shell dumpsys telephony.registry | grep mDataConnectionState
```

२ म्हणजे जोडलेला. ३ म्हणजे जोडणी आहे पण डेटा थांबलेला, आणि कॉलमुळे २जीवर उतरल्यावर हाच आकडा अपेक्षित असतो.

पुढच्या काही फोनांत कॉलपुरता डेटा दुसऱ्या सिमवर वळवण्याची सोय आली. तिथे आयपी पत्ता बदलतो, त्यामुळे जुनं कनेक्शन मुकं न होता तुटतं आणि ॲपला निराळी चूक दिसते. ही सेटिंग चालू आणि बंद, दोन्ही ठेवून तोच व्यवहार तपासावा लागतो.