दिवसाला वीस सेकंद, महिन्याला वीस सेकंद

नोकरीला लागल्यावर भाच्यानं पहिलं चांगलं घड्याळ घ्यायला पंधरा हजार बाजूला ठेवले आणि दोन घड्याळांचे फोटो मला पाठवले. एक सेलवर चालणारं क्वार्ट्झ, दुसरं ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी भरून घेणारं यांत्रिक घड्याळ, आतलं यंत्र सिको कंपनीचं एनएच३५. या किमतीतल्या कितीतरी ब्रँडच्या घड्याळांत हेच यंत्र असतं. "दोन्हींत वीसएक सेकंदांचाच फरक पडतो म्हणे, मग दिसायला छान ते घेऊ का?" असं त्यानं विचारलं.

गफलत इथेच होते. क्वार्ट्झची चूक महिन्याच्या हिशेबानं सांगतात, साधारण १५ ते २० सेकंद. यांत्रिक घड्याळाची चूक सांगतात दिवसाची. एनएच३५ दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे गेलं, तरी कंपनीच्या लेखी ते ठीक चाललेलं असतं. रोज १५ सेकंद पुढे जाणारं घड्याळ महिन्यात साडेसात मिनिटं पुढे जातं.

एवढा फरक का पडतो, ते आतल्या ठोक्यांवरून कळतं. क्वार्ट्झमध्ये काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा, दोन दातांचा एक इवलासा स्फटिक असतो. सेलमधली वीज त्याला सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरवते. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो, आणि त्या ठोक्यावर छोटी मोटर सेकंदकाटा एक घर पुढे सरकवते. या थरथरीला मनगटाच्या हालचालीनं फारसा फरक पडत नाही. तापमानानं मात्र पडतो. हे स्फटिक २५ अंशांच्या आसपास नेमके चालावेत असे कापलेले असतात. त्याहून गार झालं तरी आणि तापलं तरी ते किंचित मंदावतात. १५ अंशांच्या खोलीत ड्रॉवरमध्ये पडून राहिलेलं घड्याळ दिवसाला पाव सेकंदापेक्षा थोडं जास्त मागे पडतं. रोज हातात असलं तर अंगाची ऊब त्याला सांभाळून घेते.

यांत्रिक घड्याळात हेच काम बॅलन्स व्हील नावाचं चाक करतं. केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर ते मागे-पुढे झुलतं. एनएच३५ मध्ये सेकंदाला सहा ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ५,१८,४००. त्यात २० सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत जेमतेम अडीच ठोके इकडचे तिकडे. धातूच्या एका चाकाकडून एवढी शिस्त मिळते, याचं मला आजही कौतुक वाटतं. पण हे चाक गुरुत्वाकर्षणाखाली झुलतं. त्यामुळे घड्याळ रात्री डायल वर करून ठेवलं की एक वेग, कडेवर उभं ठेवलं की दुसरा. माझं ऑटोमॅटिक दिवसा थोडं पुढे जातं, म्हणून रात्री ते ज्या कुशीवर मागे पडतं त्या कुशीवर ठेवतो. कुठली कुशी, ते आठवडाभर रोज रात्री आणि सकाळी फोनशी वेळ ताडून पाहिलं की कळतं.

त्याला खरा त्रास चुंबकाचा. एकदा माझं घड्याळ रात्रभर फोनच्या चुंबकवाल्या कव्हरवर राहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज तीन-चार मिनिटं पुढे जायला लागलं. स्प्रिंगचे वेढे चुंबकत्वानं एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि चाक घाईनं झुलतं. होकायंत्राजवळ धरलं तर सुई थरथरू लागली, तेव्हा खात्री पटली. घड्याळजींनी ते चुंबकत्व काही सेकंदांत काढलं. क्वार्ट्झची मोटर चुंबकाजवळ अडखळते किंवा थांबते, पण दूर नेलं की बहुधा पुन्हा चालू लागते. वेळ तेवढी लावावी लागते.

क्वार्ट्झचा धोका वेगळा. सेल संपत आला की बऱ्याच घड्याळांत सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो. तेव्हाच सेल बदलावा. मेलेला सेल वर्षभर आत राहिला तर फुटून गळतो आणि सर्किट खातो.

खर्चाचं म्हणाल, तर सेल काहीशे रुपयांत होतो. ऑटोमॅटिकचं तेल मात्र पाच-सात वर्षांत सुकतं. यंत्र उघडून, धुऊन, नव्यानं तेल घालायला काही हजार लागतात. एनएच३५ च्या बाबतीत तर घड्याळजी अनेकदा आख्खं यंत्रच नवं बसवायला सांगतात, कारण दुरुस्तीचा आणि त्याचा खर्च जवळपास सारखाच येतो.

भाचा आठवड्यातले चार दिवस घरून काम करतो, तेव्हा घड्याळ टेबलावरच असतं. एनएच३५ पूर्ण चावीवर साधारण ४१ तास चालतं, म्हणजे सोमवारी काढून ठेवलेलं बुधवारी बंद. वेळ आणि तारीख लावायची कटकट आठवड्याला दोनदा. त्याला मी क्वार्ट्झ घ्यायला सांगितलं, आणि उरलेल्या पैशांतून आजोबांचं चावीचं एचएमटी जनता उघडून साफ करून घ्यायला. ते १९७० च्या दशकातलं आहे. मागचं झाकण काढून चाक झुलताना त्यानं पाहिलं, तेव्हा घड्याळजींच्या भिंगातून त्याची नजर हलेना.