बेरजेची ओळ आणि ‘पैकी’चा वाद : पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आता पीडीएफमध्ये सहज मिळतात. त्यातली खर्चाची पत्रके उपसून एका फाइलीत आणायची आणि वर्षावर्षांची तुलना करायची, हे काम शहरातली काही मंडळी हौसेने, काही पोटासाठी करतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकच ठेच लागते. खर्चाच्या रकान्याची बेरीज अहवालातल्या आकड्याच्या तिप्पट-चौपट निघते, कारण पोटबेरजा, विभागाच्या बेरजा आणि शेवटची बेरीज या साध्या खर्चाच्या ओळी म्हणून मोजल्या जातात. ही चूक संगणकाने आणलेली नाही. बेरजेची ओळ ओळखण्याची खूण दर पिढीत वेगळ्या जागी असायची, आणि कागद बदलला की ती खूण मागे राहायची.

जुन्या मोडी हिशेबांत ही खूण मांडणीतच असे. कित्येक कागदांत एकंदर रक्कम आधी येते, मग ‘बितपशील’ किंवा ‘पैकी’, आणि खाली फोड. खातेनिहाय गोषवाऱ्याला तेरीज म्हणत. तेरीज हा मूळ हिशेबापासून वेगळा कागद असल्याने गोषवारा आणि तपशील एकाच रकान्यात मिसळण्याचा धोकाच कमी होता. पुढे छापील वह्या आल्या. बेरीज तळाशी गेली, तिच्यावर एक आणि खाली दोन रेघा आल्या, आणि पान संपले की ‘पुढील पानावर’, नव्या पानावर ‘मागील पानावरून’. पंचकार्डांच्या यंत्रांनी याला तीन पायऱ्या दिल्या: लहान, मधली आणि मोठी बेरीज. कोबॉल या जुन्या संगणकी भाषेत गटाच्या शेवटी बेरीज छापणाऱ्या `CONTROL FOOTING`चा वंश तिथलाच.

आजच्या अडचणीचे मूळ मात्र स्प्रेडशीटच्या काळात आहे. एक्सेलमध्ये `=SUBTOTAL(9,C2:C40)` लिहिले तर त्या पट्ट्यातली इतर `SUBTOTAL`ची घरे ते आपणहून वगळते. त्यामुळे शेवटच्या बेरजेला वरपासून खालपर्यंत अख्खा रकाना दिला तरी काही दोनदा मोजले जात नाही. बेरजेची ओळ बेरजेची आहे, हे तिथे खुद्द सूत्रालाच ठाऊक असते. आमच्याकडच्या हिशेबनिसांच्या फाइलींत मला बहुधा `=SUM(...)` किंवा सरळ `=C5+C9` असेच दिसले. तरीही फाइल उघडून घरावर टिचकी मारली की सूत्र दिसायचे आणि ओळीची जात कळायची. १९९३ साली पीडीएफ आले आणि हळूहळू अहवाल त्यातच फिरू लागले. सूत्र गेले, आकडा राहिला. रेघा पानावर दिसतात, पण पीडीएफला त्या नुसत्या रेघा असतात. कुठली रेघ कुठल्या आकड्याची, हे तिथे कुठेच लिहिलेले नसते.

मग शब्दावरून ओळखायचे ठरले: वर्णनात ‘एकूण’ किंवा ‘बेरीज’ असेल ती ओळ बाजूला. हे दोन्ही बाजूंनी फसले. ‘एकूण दूध संकलनावरील वाहतूक’ ही अस्सल खर्चाची ओळ बाद झाली, आणि ज्या बेरजेपुढे काहीच शब्द नव्हता ती आत राहिली. ऱ्हस्व ‘एकुण’ छापणारे अहवाल वेगळेच. सगळ्यात मोठा अडसर फाँटचा होता. युनिकोडपूर्व मराठी फाँटांत टाइप केलेला अहवाल पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो, पण त्यातला मजकूर उपसला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कालवा हाती येतो. त्यात ‘एकूण’ शोधणार कसा? बऱ्याच फाँटांत आकडे मात्र शाबूत सुटायचे. त्यामुळे शब्द सोडून आकड्यांकडूनच ओळ ओळखण्याची पद्धत रुळली. ती हुशारीतून नाही, नाइलाजातून आली.

पद्धत सोपी आहे. वरून खाली वाचत ओळी एका ढिगावर ठेवत जायच्या. नवी ओळ आली की ढिगातल्या शेवटच्या दोन, तीन, चार अशा ओळींची बेरीज तिच्याशी जुळते का पाहायचे. जुळली की नवी ओळ बेरीज ठरते, त्या ओळी ढिगातून निघतात आणि त्यांच्या जागी ही एकच राहते. त्यामुळे विभागांच्या बेरजा जमल्या की शेवटची बेरीजही त्यांच्यावरून आपोआप सापडते. आकडे हजारांत किंवा लाखांत छापले असतील तर मेळ तंतोतंत बसत नाही. प्रत्येक आकडा गोल करताना अर्ध्या एककापर्यंत सरकलेला असतो, म्हणून चार ओळी आणि त्यांची बेरीज धरली तर अडीच एककांपर्यंतचा फरक माफ करावा लागतो.

एका पत्रकावर हे करून पाहू. आकडे समजावण्यासाठी बसवले आहेत, ठेवण नेहमीची.

| ओळ | वर्णन | रक्कम (रुपये) |
|---|---|---|
| १ | पगार | ४,२०,००० |
| २ | भविष्य निर्वाह निधी | ५०,४०० |
| ३ | बोनस | ३५,००० |
| ४ | एकूण (अ) | ५,०५,४०० |
| ५ | मागील पानावरून | ५,०५,४०० |
| ६ | वीज बिल | ३८,६०० |
| ७ | छपाई व स्टेशनरी | १२,४०० |
| ८ | प्रवास खर्च | १८,००० |
| ९ | पैकी संचालक | ११,००० |
| १० | पैकी कर्मचारी | ७,००० |
| ११ | एकूण (ब) | ६९,००० |
| १२ | एकूण (अ+ब) | ५,७४,४०० |

सगळा रकाना मिळवला तर २२,४६,६०० येतात, खरा खर्च ५,७४,४०० आहे. नुसत्या बेरजांमुळे आकडा बरोबर तिप्पट, म्हणजे १७,२३,२०० झाला असता: एकदा ओळी, एकदा विभाग, एकदा शेवट. अशी नेमकी पट आली तर चूक लगेच उमगते. इथे वरचे ५,२३,४०० दोन ठिकाणांहून आले. पाचव्या ओळीचे ५,०५,४०० आणि ‘पैकी’च्या दोन ओळींचे १८,०००. पाचवी ओळ सोपी आहे: मागच्या पानावरून ओढलेली, पानाची पहिलीच ओळ, आणि रक्कम मागच्या पानावरच्या शेवटच्या बेरजेएवढी.

खरी गाठ ‘पैकी’ची. ढिगाची पद्धत अकराव्या ओळीशी आली की अडते. सहा ते दहा या ओळी मिळवल्या तर ८७,००० होतात, हवेत ६९,०००. फरक १८,०००. आता हे १८,००० म्हणजे आठवी ओळ, की नववी आणि दहावी मिळून? अंकगणित दोन्ही मान्य करते. प्रवास खर्च ही वर लिहिलेली पोटबेरीज मानून काढली तरी मेळ बसतो, ‘पैकी’च्या ओळी काढल्या तरी बसतो. कुणाला वाटेल की मग फरक काय पडतो? पण इथल्या मंडळींत याच मुद्द्यावर बरेच दिवस तट पडले होते.

एका बाजूचे म्हणणे असे की बारीक तपशील हीच खरी नोंद. वार्षिक सभेत सभासद प्रवास खर्च किती हे विचारत नाहीत, संचालकांचा प्रवास किती हे विचारतात. मोडी कागदांतही रक्कम वर आणि फोड खाली असायची, तेव्हा वरची ओळ बेरजेचीच मानावी. दुसऱ्या बाजूला मी होतो, त्यामुळे पुढचे वाचताना तेवढे लक्षात असू द्या. माझा मुद्दा ‘पैकी’ या शब्दाचाच आहे. ‘पैकी’ म्हणजे ‘त्यातले’, आणि त्यातले सगळे सांगितलेच पाहिजे अशी सक्ती या शब्दात नाही. पुढच्या वर्षीच्या अहवालात नुसतेच ‘पैकी संचालक ११,०००’ असे छापून येते आणि कर्मचाऱ्यांची ओळ गायब असते. त्या वर्षी वरची ओळ काढून खालची मोजली तर सात हजार रुपये हवेत विरतात. दोन वर्षांची तुलना केली की प्रवास खर्च घटला असे दिसते, प्रत्यक्षात घटली असते ती एक छापील ओळ.

त्यावर तोड म्हणून समोरच्यांनी ‘इतर प्रवास ७,०००’ अशी ओळ आपणच भरायचे सुचवले. मला ते अजून पटत नाही. अहवालात नसलेली ओळ आपण लिहिली की पुढे वाचणाऱ्याला ती संस्थेनेच छापली असे वाटणार. अखेर टिकले ते असे: वरची ओळ नोंद म्हणून मोजायची, ‘पैकी’च्या ओळींवर ‘तपशील’ असा शेरा मारायचा आणि शेजारच्या रकान्यात त्या कुठल्या ओळीच्या पोटातल्या तो क्रमांक लिहायचा. संचालकांचा प्रवास हवा असणाऱ्याला तो मिळतो आणि बेरीज फुगत नाही. अपुरे ‘पैकी’ असले की आकडे उलट मदतच करतात. नुसते ११,००० असतील तर बेरीज ८०,००० येते आणि फरक नेमका त्या एका ओळीएवढा निघतो, म्हणजे जास्तीची ओळ कुठली यात संशय राहत नाही.

बेरजेच्या ओळी पुसायच्या की राखायच्या, हा वाद त्या मानाने लवकर मिटला. आरंभी त्या सरसकट पुसल्या जात. मग स्कॅन केलेल्या अहवालांत १ आणि ९ यांची गल्लत होऊ लागली. ९,२०० चे १,२०० झाले तर ते पकडायला छापील बेरीज हीच एक साक्षीदार, आणि तिलाच आम्ही हाकलले होते. आता ‘प्रकार’ या रकान्यात ‘नोंद’, ‘बेरीज’, ‘ओढलेली’ किंवा ‘तपशील’ लिहून सगळ्या ओळी राखतात. वापरणारा मात्र तो रकाना न वाचता सरळ बेरीज मारतो. ही तक्रार खरी आहे, म्हणून फक्त नोंदींची दुसरी फाइल सोबत देण्याची रीत पडली.

जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्याच्या एक्सेल फाइलींत ही सोय मुळातच असते. `Level` आणि `TRU` हे दोन रकाने ओळीची पातळी सांगतात आणि ती एकूण आहे, ग्रामीण आहे की नागरी, हेही सांगतात. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. जिल्हा पातळीच्या तिन्ही ओळी मिळवल्या तर ती ७७,५२,००२ होते, आणि तालुके, गावे त्यात आणखी भर घालतात. पण तिथे एका गाळणीत सगळे निस्तरते, कारण ओळीची जात छापणाऱ्यानेच लिहिलेली आहे.

संस्थांच्या अहवालांत एक प्रकार अजून हाताने पाहावा लागतो: ज्या विभागात एकच खर्च असतो तो. ‘लेखापरीक्षण फी २५,०००’ आणि खाली ‘एकूण (क) २५,०००’. एकाच ओळीशी जुळणारा आकडा बेरीज मानायचा नाही असा नियम केला तर ही बेरीज आत शिरते. मानायचा ठरवला तर लागोपाठ आलेले दोन सारखे खरे खर्च, म्हणजे दोन शाखांचे एकाच रकमेचे भाडे, त्यातले एक बाद होते. फाँट वाचता येत असेल तर शब्द पाहून सुटते. नसेल तर पुढच्या शेवटच्या बेरजेशी दोन्ही पर्याय ताडून पाहायचे, आणि तरीही उलगडा झाला नाही तर पीडीएफचे पान उघडून आकड्यावर रेघ आहे का ते डोळ्यांनी बघायचे.