‘नाही’ कुठल्या प्रश्नाचं उत्तर?

बहीण पुण्यात वडिलांजवळ, भाऊ बंगळूरला. एका रात्री दोघांच्या फोनवर असं काहीसं घडतं असं समजा (सेकंद आपल्याला एरवी दिसत नाहीत, इथे मुद्दाम लिहिले आहेत):

८:४०:०२ ती – दादा
८:४०:०५ ती – बाबांचे रिपोर्ट आले
८:४०:१२ ती – डॉक्टर म्हणाले काळजीचं काही कारण
८:४०:१४ तो – साखर ताब्यात आहे ना?
८:४०:१५ ती – नाही
८:४०:२४ ती – फक्त रात्रीची गोळी
८:४०:३१ ती – अर्धी करायची

तिचं वाक्य साधं आहे: काळजीचं काही कारण नाही. पण भावाच्या पडद्यावर त्याच्या प्रश्नाखाली लगेच ‘नाही’ उमटलं. त्याने वाचलं, साखर ताब्यात नाही. खोटं कोणी बोललं नाही, टायपिंगची चूकही नाही. एका सेकंदाच्या फरकाने दोन वाक्यं एकमेकांत अडकली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ सुसन हेरिंग यांनी १९९९ मध्येच, चॅटरूमच्या काळात, या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं: प्रश्न आणि उत्तर शेजारीशेजारी येतील याची लेखी गप्पांत खात्री नसते.

समोरासमोर असते तर हे झालं नसतं. बोलण्यात आपण पाळी फार काटेकोर सांभाळतो. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या अभ्यासकांनी १९७४ मध्ये संभाषणातल्या पाळीचे नियम मांडले. पुढे २००९ मध्ये दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांची मोजणी झाली, तेव्हा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघालं. एवढ्या वेळात उत्तर जुळवून बोलणं अशक्यच. याचा अर्थ, समोरच्याचं वाक्य कुठे संपणार हे आपण ते संपण्याआधीच ओळखतो आणि आपलं उत्तर तयार ठेवतो.

ते ओळखायचं कशावरून? फोर्ड आणि थॉम्पसन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये दाखवलं की तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: वाक्यरचना पुरी व्हावी, आवाजाच्या सुरानेही शेवट सुचवावा आणि जे सांगायचं ते सांगून व्हावं. चॅटमध्ये सूर गेला. त्याच्या जागी आलं ‘सेंड’चं बटण, आणि ते वाक्य संपल्याची काहीच हमी देत नाही. उलट पुष्कळ लोक तुकडे पाठवतात ते पाळी हातची जाऊ नये म्हणूनच. लांब मजकूर टाइप करत बसलं की पलीकडे शांतता वाटते आणि समोरचा मध्येच सुरू होतो.

मराठीत हा प्रश्न आणखी तीव्र आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि नकारही बहुधा त्याच्याबरोबर शेवटीच. ‘काळजीचं काही कारण’ इथे वाक्य तुटलं, तर पुढे ‘नाही’ येईल की ‘दिसतंय’, हे अजून ठरलेलं नसतं. वाक्याचा सगळा अर्थ शेवटच्या तुकड्यात, आणि नेमका तोच तुकडा एकटा पडतो. फोन खिशात असेल आणि सूचनेत शेवटचा निरोप तेवढा दिसला, तर हातात फक्त ‘नाही’ उरतं.

पण हेच व्याकरण आपल्या मदतीलाही येतं. ‘म्हणाले की’, ‘गेल्यावर’, ‘पण’, ‘तर’ यांवर थांबलेला निरोप अर्धा आहे हे मराठी माणसाला न शिकवता कळतं. ‘फक्त रात्रीची गोळी’ यात क्रियापद नाही, म्हणून थांबायचं. फसवा असतो तो ‘बाबांचे रिपोर्ट आले’सारखा निरोप. व्याकरणाने तो पुरा आहे, पण बातमी आल्याचं सांगितलं आणि बातमी काय ते सांगितलं नाही. मला वाटतं, भावाने घाई केली ती इथेच. आणि ती काळजीपोटी होती, त्याला कसा दोष द्यायचा?

किती थांबावं याचं एक ठोकळ माप पाठवणाऱ्याच्याच लयीत सापडतं. तिच्या निरोपांमधली अंतरं ३, ७, ३, ९ आणि ७ सेकंदांची आहेत. तिच्या बाजूने पंचवीस-तीस सेकंद काहीच आलं नाही, तर तिचं सांगून झालं असावं. ‘टायपिंग…’ ही खूण यात अर्धीच उपयोगी, कारण ती बोटं हलताहेत एवढंच सांगते. माणूस शब्द शोधत थांबला की ती नाहीशी होते. शिवाय दारावरची बेल वाजली म्हणूनही शांतता पसरते. तेव्हा घड्याळापेक्षा वाक्यावर भरवसा ठेवावा: शेवटचा तुकडा ‘पण’ असेल, तर दहा मिनिटं गेली तरी बोलणं संपलेलं नाही.

भावाला आता करता येण्यासारखं एवढंच, की स्वतःचा प्रश्न बाजूला ठेवून तिचे सगळे तुकडे सलग वाचायचे: दादा, बाबांचे रिपोर्ट आले, डॉक्टर म्हणाले काळजीचं काही कारण नाही, फक्त रात्रीची गोळी अर्धी करायची. वाक्य जुळलं. साखरेचं उत्तर मात्र अजून आलेलंच नाही. ते पुन्हा विचारावं लागेल, आणि या वेळी तिनेही तो प्रश्न बोटाने सरकवून, त्यालाच जोडून उत्तर द्यावं.