मेन्यूकार्डासाठी पदार्थाच्या फोटोची पुनर्मांडणी

पदार्थाचा आधी काढलेला फोटो मेन्यूकार्डावर छापण्यासाठी नव्याने सजवणे, म्हणजे मागची पार्श्वभूमी, उजेड, रंग आणि चौकट बदलणे, पण पदार्थात काय आहे आणि किती आहे हे मूळ फोटोइतकेच खरे ठेवणे. घटकांची खोटी भर चटकन ओळखू येते. प्रमाणाची गल्लत मात्र पुष्कळदा एडिटिंग करणाऱ्याच्याही लक्षात येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

भाज्यांच्या सूपचा एक वाडगा घेऊ. काठाशी त्याचा व्यास १४ सेंटीमीटर आहे, काठोकाठ भरला तर त्यात ४०० मिलिलिटर मावते आणि गिऱ्हाइकाला २५० मिलिलिटर सूप वाढले जाते. म्हणजे सूप काठापासून साधारण एक सेंटीमीटर खाली राहते. फोटोत वाडग्याच्या आतल्या बाजूची ती रिकामी पट्टी फारशी छान दिसत नाही, म्हणून ती झाकण्याचा मोह होतो. सूपचा पृष्ठभाग जरासा वर ओढला की चित्र भरगच्च वाटते. पण एवढ्या रुंद वाडग्यात एक सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ १५० मिलिलिटर. बोटभर उंची वाढवून चित्रातले सूप दीडपटीहून जास्त झाले, आणि चित्र पाहून ते कुणाला कळणारही नाही.

म्हणून कामाची सुरुवात फोटोपासून नाही, वाढण्यापासून होते. स्वयंपाकघरात रोज ज्या मापाने वाढतात त्याच मापाने, त्याच भांड्यात सूप वाढून दोन फोटो काढतात: एक अगदी वरून, दुसरा साधारण ४५ अंशांतून, दोन्हींत शेजारी मोजपट्टी ठेवून. हे संदर्भाचे फोटो पुढे कुणी हात लावू नये असे बाजूला ठेवले जातात. मेन्यूसाठीचा फोटो त्याच वाढणीचा, पण मोजपट्टी काढून घेतलेला असतो. एडिटिंगमध्ये मास्क करताना, म्हणजे न बदलायचा भाग वेगळा राखताना, सूप आणि वाडगा मिळून एकच तुकडा धरायचा. नुसत्या सूपचा वेगळा लेअर, म्हणजे थर, केला की तो ताणला जातोच. या तुकड्याच्या बाहेरचे टेबल, कापड आणि मागचा रंग खुशाल बदलावेत.

बाहेरच्या वस्तूही प्रमाण बिघडवू शकतात. चमचा हा बघणाऱ्याचा नकळत वापरला जाणारा मोजमापाचा दांडा आहे. सूपच्या चमच्याजागी लहान चमचा ठेवला की वाडगा परातीएवढा वाटू लागतो. बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ देलबफ यांनी १८६५ मध्ये वर्णन केलेला दृष्टिभ्रमही इथे लागू पडतो: लहान कड्यातले वर्तुळ मोठ्या कड्यातल्या तेवढ्याच वर्तुळापेक्षा मोठे भासते. वाडग्याखालची रुंद बशी काढून अरुंद ठेवली, तरी असाच भास होऊ शकतो.

घटकांच्या बाबतीत सूपचे उदाहरण इतिहासातही आहे. अमेरिकेत कॅम्पबेल सूप कंपनीच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या होत्या. त्यामुळे भाज्यांचे तुकडे वर उचलले जाऊन सूप जास्त दाट दिसत होते. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे गेलेले हे प्रकरण १९७० मध्ये मिटले आणि अशा दिशाभुलीला मनाई झाली. कंपनीच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी होती: तुकडे खाली बसतात, त्यामुळे सरळ काढलेल्या फोटोत भाज्या असूनही दिसत नाहीत. यावर प्रामाणिक उपाय सोपा आहे. सूप ढवळून लगेच फोटो काढायचा, किंवा एका चमच्यात त्याच वाढणीतले तुकडे उचलून धरायचे. ढवळल्यावर जेवढे दिसतात तेवढे तुकडे चित्रात असू द्यावेत.

एडिटिंगमध्ये गोट्यांची जागा क्लोन स्टॅम्प या चित्राचा भाग नकलून चिकटवणाऱ्या साधनाने घेतली आहे. गाजराचा एक तुकडा उचलून तीन ठिकाणी चिकटवला, तर त्याच्या कडेवरची तीच खाच तीनदा दिसते. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवल्याचा परिणाम याहून फसवा: फिकट नारिंगी सूप लालभडक झाले की भोपळ्याचे सूप टोमॅटोचे वाटते. राखाडी कार्ड ठेवून काढलेल्या संदर्भ फोटोवरून व्हाइट बॅलन्स बसवला, म्हणजे उजेडामुळे आलेली रंगछटा काढली, तर रंग सहसा जास्त वाढवावा लागत नाही. नव्या टेबलावरची सावली आणि सूपवरची चमक एकाच बाजूच्या उजेडाची हवी, नाहीतर वाडगा अधांतरी तरंगतो. हा दोष निव्वळ देखणेपणाचा. फसवणूक त्यात नाही.

शेवटची तपासणी त्याच कोनातल्या संदर्भ फोटोशी होते. दोन्ही चित्रांतल्या वाडग्यांची रुंदी जुळवून एकावर एक ठेवायची आणि वरचा लेअर चालू-बंद करायचा. सूपची कड जागची हलली तर ते डोळ्याला लगेच कळते. मग तयार चित्र वाढपी माणसाला दाखवून वाडग्यात किती सूप दिसते ते विचारायचे. तो ‘जरा जास्तच भरलाय’ म्हणाला तर फोटो परत एडिटिंगला जातो.