पाळी सारखी की भार सारखा?

तीन डॉक्टरांच्या दवाखान्यात वीकएंडची ड्युटी लावताना अ, ब, क अशी पाळी फिरवली की सगळ्यांना न्याय मिळाला, असं वाटतं. पण त्यातून सारखी होते ती फक्त पाळी. भार सारखा झाला का, हे वेगळं तपासावं लागतं.

२०२६चं कॅलेंडर समोर ठेवा. ३ जानेवारीच्या शनिवारपासून डॉक्टर अ, मग ब, मग क. वर्षात ५२ वीकएंड येतात, म्हणजे अला १८ आणि बाकी दोघांना १७. इथवर तक्रारीला जागा नाही. आता सणांना जोडून येणारे वीकएंड पाहा; हिशेबापुरत्या आठच सुट्ट्या धरू. २६ जानेवारीचा सोमवार, १४ सप्टेंबरची गणेश चतुर्थी (तीही सोमवारी), २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबरचे शुक्रवार, या चारही सुट्ट्यांचे वीकएंड अकडेच जातात, कारण त्यांच्यामधलं अंतर नेमकं तीनच्या पटीतल्या आठवड्यांचं आहे. १ मे, १५ ऑगस्ट आणि ८ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन कला. बच्या वाट्याला फक्त गुड फ्रायडे.

यात कुणाची लबाडी नाही, पण घरचा गणपती सोडून बसणाऱ्याला हे वर्षभर बोचतं.

भार मोजायचा तर तिघांनी बसून आधी गुण ठरवावेत. समजा, शनिवार दुपारनंतरचा १, रविवारचे २, जोडसुट्टी किंवा सुट्टीचा शनिवार असेल तर आणखी १, गणपती-दिवाळीला त्या १ ऐवजी २. या हिशेबाने वरच्या पाळीत अचे ५९, बचे ५२, कचे ५५ गुण होतात. फरक सातचा, म्हणजे दोन साध्या वीकएंडांहून जास्त.

दुरुस्तीला सगळी पाळी मोडायची गरज नाही. अ आणि ब यांनी १२ आणि १९ सप्टेंबर आपसांत बदलले, तसेच ३ आणि १० ऑक्टोबर बदलले, की ५६, ५५, ५५ होतात. कुणालाही सलग दोन वीकएंड येत नाहीत. हे दर वेळी पाहायलाच हवं, नाहीतर गुण जुळवण्याच्या नादात एकच माणूस दोन आठवडे सुट्टीविना राबतो. अचा उरलेला एक गुण पुढच्या वर्षाच्या वहीत जमा करायचा.

वर्षात अदलाबदल होणारच. तेव्हा गुण ड्युटी ज्याने प्रत्यक्ष केली त्याच्या नावावर लिहावेत, तक्त्यात नाव कुणाचं होतं ते बघू नये. रात्री किती पेशंट आले यावर मात्र गुण देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. ते आधी कळत नाही, आणि नंतर त्यावरून वाद होतात. रविवारची रात्र जड गेली असेल तर त्याची भरपाई सोमवारी सकाळची ओपीडी दुसऱ्याने सांभाळून करावी.