श्वासाच्या गोष्टीतलं शेवटचं वाक्य: पार्श्वभूमी

नाकातून आत शिरलेला हवेचा एक श्वास रक्तापर्यंत कसा पोचतो, ही गोष्ट पाचवी-सहावीच्या मुलांसाठी लिहायची ठरली, तेव्हा वाटेतल्या टप्प्यांची कुणाला फारशी काळजी नव्हती. नाक, घसा, श्वासनलिका, तिच्या फांद्या, वायुकोश. या आकृतीवरून मुलांनी वर्गात बोट फिरवलेलं असतंच. अडलं ते शेवटच्या वाक्यावर. नदीच्या आत्मवृत्तासारखी ही गोष्ट श्वास स्वतःच सांगतो, आणि पहिल्या खर्ड्यात तिचा शेवट असा होता: ‘मग फुप्फुसाने मला ओढून घेतलं आणि रक्तात सोडलं.’ या ‘ओढून घेतलं’वर बैठकीत बराच वेळ वाद झाला. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांमध्येही भांडण झालं होतं, तेही नेमकं याच क्रियापदावरून.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. आत घेतलेली हवा हृदयाला थंडावा देते, ही समजूत कित्येक शतकं टिकली. १६६१ मध्ये इटलीत बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. हवा आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ भिंत आहे, हे तेव्हा कळलं. १६६७ मध्ये लंडनमध्ये एका कुत्र्याच्या फुप्फुसाला बारीक भोकं पाडून भात्याने अखंड हवा सोडली गेली. फुप्फुस जागेवर स्थिर होतं, तरी कुत्रा जिवंत राहिला. म्हणजे जगवते ती ताजी हवा. फुप्फुसाची हालचाल नव्हे. दोन वर्षांनी दाखवून दिलं गेलं की काळपट रक्त फुप्फुसातून जाताना हवेमुळेच लालभडक होतं. ऑक्सिजन वेगळा ओळखला गेला तो १७७० च्या दशकात.

मराठीत त्याला प्राणवायू म्हटलं गेलं, आणि माझ्या मते गोंधळाचं अर्धं मूळ इथे आहे. आयुर्वेदातला प्राण हा अपान, व्यान, उदान, समान यांच्या पंगतीतला. तो शरीराचं काम चालवणारा वायू आहे, बाटलीत भरता येईल असा नाही. तेच नाव हवेतल्या एका घटकाला मिळाल्यावर मुलांच्या मनात तो सजीव होतो. तो स्वतःहून कुठेतरी निघतो, किंवा शरीर त्याला हात धरून आत घेतं. म्हणून गोष्टीत आम्ही ‘ऑक्सिजन’ ठेवला, जरी ‘प्राणवायू’ कानाला कितीतरी गोड लागतो.

आता मूळ भांडण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमधल्या एका नामवंत प्राध्यापकाचं म्हणणं होतं की लाळग्रंथी लाळ स्रवते तसं फुप्फुस ऑक्सिजन रक्तात स्रवतं, म्हणजे मेहनत करून ढकलतं. हे काही हवेतलं बोलणं नव्हतं. माशाच्या पोटातली हवेची पिशवी खरोखरच असं करते. भोवतालच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असला तरी ती आत भरपूर साठवते. मासा करू शकतो, तर माणसाचं फुप्फुस का नाही?

उत्तर त्यांच्याच एका विद्यार्थ्याने शोधलं, बायकोला सोबत घेऊन. दोघांनी धमनीतल्या वाहत्या रक्ताला हवेचा एक इवलासा बुडबुडा भिडवला. रक्तातला ऑक्सिजन आणि बुडबुड्यातला ऑक्सिजन यांचा दाब सारखा होईपर्यंत थांबायचं, मग बुडबुड्यातल्या हवेचं पृथक्करण करायचं, अशी ती पद्धत. फुप्फुस खरंच ढकलत असेल, तर कधीतरी रक्तातला दाब वायुकोशातल्या दाबापेक्षा वर गेलेला दिसायला हवा होता. तसा तो एकदाही दिसला नाही. १९१० मध्ये हे निष्कर्ष छापले गेले, आणि गुरूच्या विरोधात जाणं त्या विद्यार्थ्याला किती जड गेलं असेल याची कल्पना करता येते.

तरीही वाद मिटला नाही. इंग्लंडमधल्या एका तितक्याच मोठ्या अभ्यासकाने १९११ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर मुक्काम ठोकला. तिथून परतल्यावर त्याने मांडलं की सपाटीवर नसेल, पण विरळ हवेत फुप्फुस स्रवण्याचं काम सुरू करतं. त्याला उत्तर देण्यासाठी त्याच देशातला दुसरा एक संशोधक १९२० च्या सुमारास काचेच्या हवाबंद खोलीत सहा दिवस राहिला. आतला ऑक्सिजन हळूहळू कमी करत नेला. शेवटी त्याने स्वतःच्या मनगटाजवळची धमनी उघडून घेतली. बाहेर आलेलं रक्त काळपट होतं. वायुकोशातल्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन त्यात नव्हताच. गरज असतानाही फुप्फुसाने काही ढकललं नव्हतं.

म्हणजे भिंतीपाशी घडतं ते इतकंच: पाऱ्याच्या मापात वायुकोशात ऑक्सिजनचा दाब साधारण १०० मिलिमीटर, आणि शरीरभर फिरून आलेल्या रक्तात ४०. जास्तीकडून कमीकडे ऑक्सिजन आपसूक सरकतो, कुणी ओढत नाही. भिंतीची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. विश्रांतीत रक्त तिथून पाऊण सेकंदात पुढे जातं, आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच दोन्हीकडचे दाब जवळजवळ सारखे होतात. पलीकडे गेलेल्या ऑक्सिजनला हिमोग्लोबिन लगेच धरून ठेवतं, त्यामुळे रक्तातला मोकळा ऑक्सिजन कमीच राहतो आणि मागून येणाऱ्याला वाट मिळते. गोष्टीत कुणाला हात द्यायचेच असतील, तर ते हिमोग्लोबिनला द्यावेत.

हिशेब मांडला तेव्हा नायकाचीही अडचण झाली. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा एक श्वास सुमारे ५०० मिलिलीटर. त्यातले १५० वायुकोशापर्यंत पोचतच नाहीत. नळ्यांमध्ये थांबतात आणि उच्छ्वासात सगळ्यात आधी बाहेर पडतात. अख्ख्या श्वासात ऑक्सिजन १०५ मिलिलीटर, आणि भिंत ओलांडतो तो जेमतेम २०. ‘ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर’ हे घोकून मोठ्या झालेल्यांना ही गोष्ट खटकते, पण उच्छ्वासातही सोळा-सतरा टक्के ऑक्सिजन असतो. तोंडाने दिलेल्या श्वासाने बुडालेल्याचा जीव वाचतो तो म्हणूनच. तेव्हा श्वास अख्खा रक्तात उतरतो असं लिहिणं खोटं ठरलं असतं.

ओढणं आणि सरकणं यातला फरक २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घराघरात दिसला. बोटाला लावायच्या चिमट्यावर सॅच्युरेशन ९४ च्या खाली गेलं की धावपळ सुरू व्हायची. हवेत ऑक्सिजन नेहमीइतकाच होता. पण वायुकोशांत पाणी साठलेलं, भिंत सुजलेली, म्हणून पलीकडे कमी जात होता. सिलिंडर कामी आला, कारण आतल्या हवेत ऑक्सिजन वाढला की दाब वाढतो आणि सुजलेल्या भिंतीतूनही थोडा जास्त सरकतो. जो वायुकोश पूर्ण भरला किंवा मिटला, तिथे मात्र हवाच पोचत नाही. त्याच्या शेजारून जाणारं रक्त काळपटच राहतं, मग सिलिंडर कितीही मोठा असो. पालथं झोपवण्याने काहींना फरक पडला तो पाठीकडचे मिटलेले वायुकोश पुन्हा उघडल्यामुळे.

बैठकीत ‘ओढून घेतलं’च्या बाजूने असलेल्या शिक्षिकेचा मुद्दा खरा होता: मुलांना कुणीतरी काहीतरी करताना दिसलं पाहिजे. छापायला गेलेलं वाक्य शेवटी असं झालं: ‘भिंतीपलीकडे आमची गर्दी कमी होती. आमच्यातले काहीजण तिकडे सरकले, मी त्यांच्यात होतो. बाकीचे आल्या वाटेने परत गेले.’