मापाची पट्टी नेमकी कुठे ठेवायची?

जुन्या इमारतीच्या कोरीव कामाची नोंद करताना फोटोत मापाची पट्टी ठेवतात, म्हणजे पुढे फोटोवरून मापं काढता येतात. पण पट्टी फोटोत नुसती असून भागत नाही. ती चुकीच्या जागी असेल, तर मापही चुकतं आणि फोटो बघून ते कळतही नाही.

समजा, भिंतीत 5 सेंटिमीटर खोल कोनाडा आहे आणि त्याच्या आतल्या पृष्ठभागावर 210 मिलिमीटर रुंदीचं उथळ फूल कोरलेलं आहे. पट्टी लावली बाहेरच्या भिंतीवर, कारण तिथे ती सहज चिकटते. कॅमेरा भिंतीपासून 1 मीटरवर, म्हणजे फुलापासून 1.05 मीटरवर. लांबची वस्तू लहान दिसते, त्यामुळे या पट्टीने फूल मोजलं तर ते 200 मिलिमीटर भरतं. पूर्ण एक सेंटिमीटर गायब! कॅमेरा भिंतीपासून 3 मीटरवर नेला, तर तेच फूल साधारण 206.5 मिलिमीटर भरेल. चूक घटते, पण जात नाही. खरा उपाय एकच: पट्टी फुलाच्या पातळीत, कोनाड्याच्या आत ठेवायची. आणि नक्षी खोल, गोलाईदार असेल तर एका पट्टीवर विसंबूच नये. तिथे वेगवेगळ्या बाजूंनी, एकमेकांवर येणारे बरेच फोटो घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या कोनाची. कॅमेरा भिंतीसमोर काटकोनात हवा. तो बाजूने 10 अंश तिरका असेल, तर रुंदी सुमारे दीड टक्का आखूड दिसते आणि उंची जवळपास तशीच राहते. म्हणूनच सरळ पट्टीपेक्षा काटकोनी, सारख्या लांबीच्या दोन भुजांची पट्टी मला जास्त भरवशाची वाटते. फोटोत दोन्ही भुजा सारख्या भरल्या नाहीत, तर कॅमेरा तिरका होता हे लगेच कळतं. भिंत सपाट असेल तर आणखी एक छान युक्ती आहे. तिच्यावर छोटा आरसा टेकवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं, की कॅमेरा काटकोनात आहे.

फोटोतले रंग नंतर दुरुस्त करण्यासाठी ठेवतात ते रंगाचं कार्डही फुलाच्या शेजारी, त्याच उजेडात आणि भिंतीला समांतर हवं. कार्ड थोडं वर कललं, तर आकाशाचा निळसर उजेड त्याच्यावर जास्त पडतो, आणि त्याच्या आधाराने केलेली दुरुस्ती दगडाला नसलेला पिवळेपणा देते. कार्डावरच्या करड्या चौकोनात लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींचे आकडे सारखे यायला हवेत. दुरुस्ती त्यावरूनच करतात.

ओलीच्या डागाचा फोटो वर्षभराने पुन्हा घेताना याचं महत्त्व कळतं. दुसरा फोटो जरा गडद आला, तर डाग पसरल्यासारखा भासतो. मग आधी दोन्ही फोटोंतले करडे चौकोन ताडून बघायचे. तेही तितकेच गडद झाले असतील, तर फरक भिंतीत नसून उजेडात किंवा कॅमेऱ्यात आहे. यासाठी पहिल्या वेळीच कॅमेऱ्याचं अंतर, उंची, लेन्स आणि उजेड कसा होता ते लिहून ठेवावं.